टिपणांसह संदर्भसूची : राजापूर-लांज्यातील कौलारू घरे (दुसरा खर्डा)

मॅडम, पहिल्या खर्ड्यात एकतीस नोंदी होत्या. त्यावर तुम्ही "यातलं वाचलंय किती?" एवढाच शेरा मारला होता, आणि तो बरोबर होता. आता जे पूर्ण वाचलं किंवा लागणारी प्रकरणं तरी नीट वाचली, तेवढंच ठेवलं आहे. हाती न आलेल्या एका नोंदीवर तसं स्पष्ट लिहिलं आहे. प्रबंधाचा प्रश्न तोच आहे: नळे जाऊन मंगळुरी कौलं आली, कौलं जाऊन पत्रा किंवा स्लॅब आला, तेव्हा घराच्या आतल्या मांडणीचं काय झालं?

बर्नार्ड रुडॉफ्स्की, आर्किटेक्चर विदाउट आर्किटेक्ट्स. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, न्यूयॉर्क, १९६४.
प्रदर्शनासोबत निघालेलं पुस्तक. वास्तुरचनाकाराशिवाय उभ्या राहिलेल्या बांधकामाकडे अभ्यासकांचं लक्ष वळवण्याचं श्रेय याला द्यावंच लागतं. पण छायाचित्रं देखणी आणि माणसं गायब. घर कोणाचं, केव्हाचं, कोणी बांधलं, काही नाही. प्रस्तावनेत एक परिच्छेद पुरेल.

अमोस रॅपोपोर्ट, हाउस फॉर्म अँड कल्चर. प्रेंटिस-हॉल, १९६९.
सैद्धांतिक बाजूचा मुख्य आधार. घराचा आकार आधी समाज आणि संस्कृती ठरवतात. हवामान, साहित्य, तंत्र हे त्यात फेरफार करणारे घटक, असं लेखकाचं म्हणणं आहे. मुसळधार पावसाच्या कोकणात हे मला पटकन पचलं नाही. उतरतं छप्पर पावसामुळे नाही तर कशामुळे? पण पाऊस तर एका वाडीतल्या सगळ्याच घरांवर सारखा पडतो. तरी कुळाच्या घराला एक पडवी आणि खोताच्या घराला ओटी, पडवी, माजघर, देवघर, वर माळा, मागे न्हाणी. पाऊस फक्त पाखीचा उतार सांगतो, ओटीवर कोण बसणार ते सांगत नाही. दुसरं प्रकरण या वादावरच उभं करायचा विचार आहे. उणीव अशी की घर एकदा बांधलं की ते तसंच राहतं असं हे पुस्तक वाचताना वाटत राहतं.

पॉल ऑलिव्हर (संपा.), एन्सायक्लोपीडिया ऑफ व्हर्नाक्युलर आर्किटेक्चर ऑफ द वर्ल्ड. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, १९९७, तीन खंड.
परिभाषेसाठी ठेवलं. जगभरचा आवाका असल्याने एकेका प्रदेशाच्या वाट्याला फार थोडी जागा येते.

हेता पंडित व अ‍ॅनाबेल मस्करेन्हस, हाउसेस ऑफ गोवा. आर्किटेक्चर ऑटोनॉमस, १९९९.
जांभा दगड आपलाच आणि पाऊसही तोच, म्हणून तुलनेला जवळचं. पण मोठ्या, मिरवण्याजोग्या घरांचा वाटा जास्त आहे. तिथला बाल्कांव आणि इथली ओटी एकच, असं मी पहिल्या खर्ड्यात बेधडक लिहिलं होतं. ते मागे घेतो. दोन्हींवर बसायला जागा आहे, एवढ्यावरून नातं जोडता येत नाही.

गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १० : रत्नागिरी आणि सावंतवाडी. १८८०.
जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालची मालिका. एकोणिसाव्या शतकासाठी याला पर्याय नाही आणि यावर विसंबताही येत नाही. लिहिणारा सरकारी कारभाराच्या सोयीने लिहितो; घराकडेही राहणाऱ्याची ऐपत किती, याच नजरेने पाहतो. त्यामुळे छप्पर गवताचं की कौलांचं हे कळलं, तरी चूल कुठे होती हे कळत नाही. आणखी एक खबरदारी: सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, म्हणून इथली 'रत्नागिरी' आजच्या जिल्ह्याहून बरीच मोठी आहे. आकडे जोडताना माझी एकदा फसगत झाली आहे.

भारताची जनगणना, घरयादीचे तक्ते, २००१ आणि २०११.
बदलाचे आकडे देणारा हाच एक स्रोत. अडचण रकान्यांची आहे. २००१ साली छपरासाठी 'कौल' हा एकच रकाना होता. २०११ साली हातकौल आणि यंत्रकौल असे दोन झाले. म्हणजे माझा पहिलाच प्रश्न, नळ्यांवरून मंगळुरी कौलांवर कोण कधी गेलं, हा २००१च्या तक्त्याला विचारताच येत नाही. भिंतींचं तेच: 'दगड' म्हटलं की घडीव चिरा आणि नदीतला गोटा एकाच रकान्यात. शिवाय पुढच्या पाखीला कौलं आणि मागच्या पडवीला पत्रा, अशी घरं मी वाडीवाडीत पाहिली. त्यांचं छप्पर मोजणाऱ्याने काय लिहिलं असेल? फक्त कल दाखवायला वापरेन, टक्केवारीवर निष्कर्ष काढणार नाही.

भारताची जनगणना १९६१, ग्राम सर्वेक्षण अहवाल, महाराष्ट्र. न पाहिलेलं. या मालिकेत घरांचे आराखडे आणि बांधकामाचं साहित्य नोंदवलं जाई, म्हणून शोध चालू आहे. हाती येईपर्यंत उद्धृत करणार नाही.

त्रिं. ना. आत्रे, गाव-गाडा. १९१५.
बलुतेदारीसाठी घेतलं होतं. पुस्तक देशावरच्या गावाचं आहे. तिथला सुतार उचलून राजापुरात आणणं बरं नव्हे. तळटीपेपुरतं.

दाते-कर्वे, महाराष्ट्र शब्दकोश. १९३२–३८.
हा अनपेक्षित लाभ. वळई, पाखी, आढं, शाकारणी हे शब्द मला घरात ऐकून माहीत होते, पण प्रबंधात आजीचा हवाला कसा देणार? कोश तो प्रश्न सोडवतो. मात्र कोशातला अर्थ आणि वाडीतला अर्थ जिथे जुळत नाहीत, तिथे वाडीतला आधी देईन.

विद्यार्थ्यांची मोजणीचित्रं (अप्रकाशित).
वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या दस्तऐवजीकरणाचे दोन संच पाहिले. रेखाटनं इतकी स्वच्छ की हेवा वाटावा. पण घर 'मूळ स्थितीत' दाखवण्याच्या नादात पत्र्याची पडवी, संडास, डिश अँटेना सगळं खोडून टाकलं आहे. मला नेमकं तेच हवं होतं! एका संचात तर मोजणीची तारीखही नाही. उभ्या छेदांपुरता उपयोग.

काय सापडलं नाही

कुणबी वाड्यांतल्या लहान घरांवर स्वतंत्र काम मला मिळालं नाही. मिळतं ते घरंदाजांच्या मोठ्या घरांबद्दल. मागील दार, न्हाणी, वैरणीचा माळा या बायकांच्या राबत्या जागा नकाशात दिसतात, मजकुरात नाही. मंगळुरी कौलांच्या कारखान्याचा इतिहास सांगता येतो, बासेल मिशनने तो १८६५ साली सुरू केला. पण ती कौलं राजापूरच्या कुठल्या वाडीत कधी पोचली, हे नाही.

सगळ्यात मोठी फट शाकारणीची. नळ्यांचं घर दर वर्षी पावसाआधी उतरवून पुन्हा शाकारावं लागे: फुटके काढायचे, घसरलेले सारखे करायचे, वानरांनी नासलेलं भरून घ्यायचं. त्याला चार माणसं लागत आणि ती शेजारपाजारची असत. मंगळुरी कौलं एकमेकांत अडकतात, ती दर वर्षी उलटावी लागत नाहीत. मग ती माणसं येणं थांबलं का? थांबलं असेल तर ओटी ओस पडण्याचा संबंध मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांशी जितका, तितकाच छपराशीही असू शकेल. वरच्या एकाही नोंदीत हे नाही, कारण सगळ्यांनी घर बांधून झालेलं पाहिलं.

लांज्याजवळच्या एका घरात मला हिशोबाची वही दाखवली गेली. लाल बासनात, कडा वाळवीने खाल्लेल्या. वैशाखाच्या पानांवर शाकारणीचा खर्च आहे: नळे, सुंभ, बांबू, आणि माणसांपुढे पैशांऐवजी 'जेवण दोन वेळ'. १९७१च्या पानावर 'मंगळुरी कौलं आणली' असं आहे आणि त्यानंतर शाकारणीची नोंद नाही. वही घराबाहेर न्यायला परवानगी नाही. तिथे बसून उतरवून घ्यायला मे महिन्यात पुन्हा यायला सांगितलं आहे. तोवर ही नोंद सूचीत घालावी की नाही, तेवढं कळवा.