थकबाकीमुळे माल पुरवठा थांबवल्याबाबत आणि तो पुन्हा सुरू करण्याबाबत

भोसरी, पुणे
12 जानेवारी 2026

प्रति,
भागीदार, चिक्की-लाडू उत्पादन पेढी, नऱ्हे, पुणे
ग्राहक खाते क्र. 0187

विषय : थकीत बिले चुकती होईपर्यंत खोक्यांचा पुरवठा थांबवत असल्याबाबत

प्रकाशराव, सप्रेम नमस्कार.

उद्या, 13 जानेवारीच्या सकाळपासून आपल्या खात्यावर माल देणे आम्ही थांबवत आहोत. नवी ऑर्डर घेतली जाणार नाही आणि तयार मालही गोडाऊनमधून निघणार नाही. डिसेंबरभर आपल्याशी फोनवर बोलणे झाले, त्यामुळे कारण नव्याने सांगायला नको. पण आकडे दोघांसमोर एकच असावेत, म्हणून ते खाली लिहितो.

बिल 412, दि. 18 ऑगस्ट 2025 : 1,86,440 रुपये, देय 2 ऑक्टोबर
बिल 457, दि. 9 सप्टेंबर : 2,12,900 रुपये, देय 24 ऑक्टोबर
बिल 503, दि. 29 सप्टेंबर : 1,47,260 रुपये, देय 13 नोव्हेंबर
बिल 561, दि. 1 नोव्हेंबर : 94,500 रुपये, देय 16 डिसेंबर

20 नोव्हेंबरला आलेले 50,000 रुपये बिल 412 मध्ये जमा धरले आहेत, त्यामुळे त्याचे 1,36,440 उरतात. एकूण थकबाकी 5,91,100 रुपये. 4 डिसेंबरचे बिल 604 (78,320 रुपये) यात नाही, कारण त्याची मुदत 18 जानेवारीपर्यंत आहे. मुदतीच्या आत असलेल्या बिलासाठी आम्ही कोणाचा माल अडवत नाही.

बिल 503 मधल्या 600 खोक्यांबद्दल आपली तक्रार होती: पाच प्लाय असूनही ती ओलाव्याने नरम पडली आणि थप्पीत खालची दबली. आमचा माणूस नऱ्ह्याला येऊन पाहून गेला आणि तक्रार खरी निघाली. त्या खोक्यांची करासह 14,175 रुपयांची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. ती वजा करून निव्वळ येणे 5,76,925 रुपये होते. एका लॉटची तक्रार सोडवायला वेळ लागला हे मान्य, पण त्यासाठी बाकीची तीन बिले रोखून धरण्याचे कारण आम्हाला समजले नाही. ज्या रकमेवर वाद नाही ती वेळेवर आली असती, तर हे पत्र निघालेच नसते.

आमच्याकडची अडचण साधी आहे. क्राफ्ट पेपर देणाऱ्या मिल आम्हाला आता उधारी देत नाहीत. रील उतरवून घेण्याआधी पैसे भरावे लागतात. आपल्या छपाईची खोकी दुसऱ्या कोणाला विकताही येत नाहीत. महाशिवरात्रीच्या राजगिरा चिक्कीसाठी सांगितलेली 2,400 खोकी छापून, शिवून, गठ्ठे बांधून पडून आहेत. त्यापुढच्या 1,800 चा कागद अजून कापलेला नाही आणि सध्या कापणारही नाही.

पुरवठा पुन्हा सुरू करायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, आणि आमच्या मते आपल्यालाच सोपा: 5,76,925 रुपये एकरकमी. आरटीजीएस करून यूटीआर नंबर खाते विभागातल्या वैशालीताईंना कळवा. कामाच्या दिवशी दुपारी 2 पर्यंत पैसे आमच्या खात्यात दिसले, तर त्याच दिवशी खाते खुले करू आणि 2,400 खोकी दुसऱ्या दिवशी गाडीत भरू.

दुसरा, दोन हप्त्यांत. बिल 412 आणि 457 चे 3,49,340 रुपये आता, आणि क्रेडिट नोट वजा जाता उरलेले 2,27,585 रुपये 31 जानेवारीपर्यंत. हा मार्ग घेतला तर आपल्या लेटरहेडवर तारखांसह दोन ओळी लिहून, सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. पहिला हप्ता आल्यावर तयार माल देऊ, पण त्या लॉटचे पैसे आगाऊ घेऊन. उधारी मात्र दुसरा हप्ता आल्यावरच सुरू होईल.

चेक कोणत्याही मार्गात चालणार नाही. 1,36,440 चा आपला चेक खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे परत आला आणि बँकेचा मेमो आम्हाला 29 डिसेंबरला मिळाला. कलम 138 खाली नोटीस द्यायला मेमो मिळाल्यापासून 30 दिवस असतात, म्हणजे 28 जानेवारी. नोटीस द्यायची आमची इच्छा नाही, पण तारीख उलटून गेल्यावर आमच्या हातात काही उरत नाही. म्हणून 24 जानेवारीपर्यंत त्या चेकची रक्कम आली नाही, तर वकिलांकडून नोटीस निघेल.

बँक खाते तेच आहे, प्रत्येक बिलाच्या तळाशी छापलेले. व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर कोणी ‘खाते बदलले आहे’ असे कळवले, तर पैसे भरण्याआधी बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारा.

आणखी दोन गोष्टी आपल्या सीएंना जरूर दाखवा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते. बिल 412 साठी ही तारीख 14 फेब्रुवारी आहे, बिल 457 साठी 8 मार्च. शिवाय आमची उद्यम नोंदणी लघु उत्पादक म्हणून आहे. आपल्या लेखी कराराप्रमाणे मुदत 45 दिवसांची आहे आणि कायद्यात त्याहून जास्त मुदत धरताच येत नाही. प्राप्तिकराच्या कलम 43B(h) प्रमाणे या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षाच्या खर्चात धरली जाते. 31 मार्चच्या आत दिलीत, तर ती याच वर्षात बसेल. हा तगाद्यातला धाक समजू नका, आमच्याही सीएंनी आम्हाला हेच सांगून पैसे भरायला लावले आहेत.

एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. 31 जानेवारीपर्यंत हिशेब पूर्ण झाला, तर ते आम्ही मागणार नाही. त्यानंतर मागू, आणि प्रकरण सुविधा परिषदेकडे नेऊ.

खाते खुले झाल्यावर उधारीची मर्यादा सहा लाखांऐवजी तीन लाख राहील, तीन महिने बिले वेळेवर आली की पूर्ववत करू. आपल्या डाय आणि छपाईचे स्टीरिओ आमच्याकडे आहेत. ते आपल्या मालकीचे आहेत, थकबाकीपोटी अडवून ठेवणार नाही. हवे असतील तर आधी फोन करून माणूस पाठवा, पोच घेऊन देऊ. तयार खोकी 15 फेब्रुवारीपर्यंत झाकून, पॅलेटवर ठेवू. त्यानंतर जागेचे काय करायचे ते बोलून ठरवू.

रकमेत कुठे फरक वाटला, एखादे पेमेंट आमच्या नोंदीत दिसत नसेल, तर यूटीआर किंवा बँक उताऱ्याची प्रत पाठवा. दोन दिवसांत पाहून उत्तर देऊ. फरक असलेल्या रकमेपुरता प्रश्न बाजूला ठेवून बाकीची भरली, तरी खाते खुले करायला आमची हरकत नाही.

आपला,
मनोहर
भागीदार, कोरुगेटेड खोके कारखाना, भोसरी

सोबत : 1 एप्रिल 2025 पासूनचा खातेउतारा, चार बिलांच्या प्रती, बिल 503 ची क्रेडिट नोट, बँकेच्या मेमोची प्रत