शेकडा कशावर?

मारुती रोडवरच्या त्या दुकानाचा बोर्ड रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होता. पिवळ्यावर लाल अक्षरं: 'मान्सून सेल! ५०% + २०% सूट'. जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेले. मुलांचे रेनकोट घ्यायला निम्मी सांगली तिथंच लोटल्यासारखी वाटत होती.

आत शिरल्या शिरल्या आईनं रेनकोटवरची किंमत बघितली. १२००.

"सत्तर टक्के सूट म्हणजे तीनशे साठला पडतो की रे! दोघांचे सातशेवीस. हजारातले दोनशे ऐंशी उरतात, तेवढ्यात तुझं दप्तर बसतंय का बघू."

रेवानं लगेच पिवळा रेनकोट अंगात घातला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. सुमीत काहीच बोलला नाही. आईचं गणित चुकलंय हे त्याला बाहेर बोर्ड वाचतानाच कळलं होतं. पण एवढ्या गर्दीत ते सांगायचं म्हणजे घसा कोरडा पडला.

त्याचं सगळीकडे असंच व्हायचं. सातवीच्या वर्गात गणिताच्या बाई प्रश्न विचारायच्या, तेव्हा त्याचं उत्तर आधी तयार असायचं, पण हात काही वर जायचा नाही. तो वहीच्या कोपऱ्यात उत्तर लिहायचा आणि वही हळूच शेजारच्या मुलाकडे सरकवायचा. तो मुलगा उभा राहून ते वाचायचा, बाई 'शाब्बास' म्हणायच्या आणि सुमीतला तेवढंच पुरायचं.

टक्के त्याला शाळेच्याही आधी आजोबांनी शिकवले होते. आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या तोंडी टक्के नसत, शेकडा असे. हिशोब लिहिताना ते सांगायचे, "शेकडा किती, ते कुणीही सांगतंय. शेकडा कशावर, ते आपण विचारायचं." आणि आकडे मोठे असले की एकच युक्ती: शंभर रुपये हातात आहेत असं धरायचं आणि ते कसे कमी होतात ते बघत जायचं.

सुमीतनं दारात मिळालेलं हँडबिल पालथं घातलं आणि खिशातलं पेन काढलं.

शंभर. पन्नास टक्के गेले, उरले पन्नास. पुढचे वीस टक्के शंभरावर नाहीत, या उरलेल्या पन्नासावर. म्हणजे दहा. उरले चाळीस. शंभरातले साठ सुटले, सत्तर नव्हे. मग त्यानं उलटं करून बघितलं, आधी वीस आणि मग पन्नास: शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चाळीस. तेच.

खाली त्यानं १२०० चे ४८० केले, दोघांचे ९६० केले आणि कागद आईच्या हातात दिला.

आईनं तो दोनदा वाचला. ती घरी ब्लाउज शिवते, इंचाच्या पाव भागाचीही चूक तिच्या डोळ्यांतून सुटत नाही. तिनं तिसऱ्यांदा ओठ हलवत शंभर, पन्नास, चाळीस असं म्हणून बघितलं आणि सरळ काउंटरवर गेली.

"दादा, या रेनकोटचे किती?"

"चारशे ऐंशी, ताई."

"बोर्डावर पन्नास आणि वीस लिहिलंय ना?"

शेठ हसतमुखानं पुढं आले. "तसंच दिलंय, ताई. आधी पन्नास, मग वीस. सत्तर कुठं लिहिलंय आम्ही?"

खरं होतं. सत्तर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मधली ती अधिकची खूण एवढी मोठी काढली होती की बेरीज गिऱ्हाईकच मनातल्या मनात करून टाकत होतं. मागं रांगेत उभ्या असलेल्या बाईंनीही तीच केली असावी, कारण त्यांनी हातातले तीन रेनकोट पुन्हा मोजायला घेतले.

"सांग की रे," आई सुमीतला म्हणाली. "तूच केलंयस हे."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्यानं मान खाली घातली. हातात रेनकोटची पिशवी होती आणि त्याचं नख तिच्यावरच्या किमतीच्या स्टिकरचा कोपरा कुरतडत होतं. धीर सुटला की त्याच्या बोटांना असं काहीतरी लागायचंच. स्टिकर अर्धवट सुटलं. खाली छापलेली दुसरी किंमत दिसली. ९५०.

त्याचं नख थांबलं. साडेनऊशेचे निम्मे चारशे पंच्याहत्तर. शेठ मागतायत चारशे ऐंशी.

"पन्नाससुद्धा नाही," तो म्हणाला.

"काय?" शेठनी विचारलं.

"सूट. पन्नास टक्केसुद्धा नाही." आवाज आधी कापला, मग सरळ झाला. "ह्याच्यावर छापलेत नऊशे पन्नास. त्याचे निम्मे होतात चारशे पंच्याहत्तर. तुम्ही चारशे ऐंशी घेताय. म्हणजे निम्म्याहून पाच रुपये जास्तच. बोर्डावरचे टक्के बाराशेवर आहेत आणि बाराशे खरे नाहीत."

एवढं सलग तो घरातसुद्धा बोलत नसे. रेवा आरसा सोडून त्याच्याकडे बघत राहिली.

शेठनी पिशवी हातात घेतली, स्टिकर अंगठ्यानं परत दाबलं. "कंपनीनं किंमत वाढवली, बाळ. जुना माल आहे."

रांगेतल्या बाई आता पुढं आल्या. "छापील किमतीवर वाढीव किमतीचं स्टिकर लावता येत नाही हो. मी पंधरा वर्षं औषधाच्या दुकानात काम करतेय, एवढं मला ठाऊक आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. लावू का फोन?" आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या तिन्ही पिशव्यांवरची स्टिकरं काढली. तिन्हींखाली ९५० होते. मागं आणखी कुणीतरी नखानं खरवडायला लागलं.

शेठनी आवाज खाली आणला. "ताई, तुम्हाला तीनशे ऐंशीनं देतो. दोन्ही घ्या."

सुमीतनं मनात हिशोब केला. साडेनऊशेचे खरोखरचे साठ टक्के सुटले, तर बरोबर तीनशे ऐंशीच होतात. म्हणजे शेठना हिशोब पहिल्यापासून येत होता.

"सगळ्यांना त्याच भावानं देणार?" आईनं विचारलं.

शेठ काही बोलले नाहीत. आईनं रेवाच्या अंगातला रेनकोट काढला, नीट घडी घातली आणि काउंटरवर ठेवला. हजारातले दोनशे चाळीस वाचत होते आणि दप्तराची आशाही होती, हे तिलाही कळत होतं. तरी ती वळली.

हरभट रोडला एका अरुंद दुकानात बोर्ड नव्हता. म्हातारे दुकानदार स्टुलावर बसून छत्रीची काडी दुरुस्त करत होते. "एकच भाव, साडेचारशे. घासाघीस नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

आईनं सुमीतकडे बघितलं. त्यानं पिशवी उलटी करून छापील किंमत वाचली, ६००. वर स्टिकर नव्हतं. मग रेनकोट उलटा केला. आतल्या प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली होती, काखेतसुद्धा. मघाच्या रेनकोटला ती फक्त खांद्यावर होती.

"सहाशेवर दीडशे कमी," तो आईला म्हणाला. "पंचवीस टक्के."

"फक्त पंचवीस?" रेवा म्हणाली.

"पण सहाशेवर."

आईनं पैसे मोजले. दोघांचे नऊशे. दप्तर या महिन्यात होणार नव्हतं, जुन्याची चेन तीच बसवून देणार होती. दुकानदार पिशव्या बांधायला लागले, तेवढ्यात सुमीत काउंटरजवळ गेला.

"काका, माझा एक साइज मोठा द्या. पुढच्या वर्षीपण चालायला पाहिजे."