झटक्यांची नोंद: 3 मार्च ते 31 मे 2025, न्यूरॉलॉजी फेरतपासणीसाठी

मुलगी, वय 6 वर्षे 2 महिने. वजन 20.1 किलो; डिसेंबरमध्ये 17.6 होते. लेव्हेटिरासिटाम सिरप (1 मिलीत 100 मि.ग्रॅ.) डिसेंबरपासून सकाळी 3 मिली, रात्री 3 मिली. मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे (एका पफमध्ये 0.5 मि.ग्रॅ.): चिठ्ठीप्रमाणे झटका 5 मिनिटे चालला तर 7 पफ.

‘किती वेळ’मध्ये फक्त झटका चालू असलेला वेळ आहे, नंतरची झोप नाही.

| तारीख, वेळ | किती वेळ | काय दिसले | त्याआधी | स्प्रे |
|---|---|---|---|---|
| 8 मार्च, पहाटे 5:10 | अंदाजे 2 मि. | उजवा गाल-ओठ फडफडले, लाळ गळली, बोलता येईना. शुद्ध होती, आमच्याकडे बघत होती | काही नाही | नाही |
| 27 मार्च, पहाटे 5:40 | 1 मि. 30 से. (व्हिडिओ) | तसेच | रात्री 12:30 ला झोपली | नाही |
| 19 एप्रिल, रात्री 11:20 | 7 मि. (घड्याळ) | झोपेत उजव्या ओठापासून सुरू. मिनिटभरात दोन्ही हातपाय ताठ, मग झटके. शुद्ध हरपली, लघवी झाली | रात्रीचे सिरप 10 मिनिटांत उलटून पडले | 7 पफ. 2 मिनिटांनी थांबला |
| 6 मे, पहाटे 5:25 | निदान 3 मि. | आवाजाने जाग आली तेव्हा दोन्ही हातपाय झटकत होती | ताप 101.4 | नाही |
| 24 मे, पहाटे 5:50 | 1 मि. 10 से. (घड्याळ) | उजवा गाल, लाळ | काही नाही | नाही |

पाचही झटके झोपेत आले, त्यातले चार पहाटे 5 ते 6 मध्ये. 6 मेची सुरुवात कोणी पाहिलेली नाही. तो एका बाजूने सुरू झाला की थेट सगळ्या अंगात, हे आम्हाला सांगता येणार नाही.

कारणांपैकी उलटून पडलेला डोस एवढाच आम्हाला पक्का वाटतो. जागरणाचा नुसता संशय आहे, कारण एप्रिलमध्ये तीन रात्री ती तितक्याच उशिरा झोपली आणि काही झाले नाही.

19 एप्रिलला स्प्रेची बाटली नवी होती. पहिले दोन दाब कोरडे गेले, म्हणून हवेत मारून फवारा आल्यावर उजव्या नाकपुडीत 4 आणि डाव्या नाकपुडीत 3 पफ दिले. ते कोरडे दाब सातात धरलेले नाहीत. नंतर ती 1 तास 10 मिनिटे झोपली. श्वास शेजारी बसून पाहत होतो, नियमित होता.

शाळेतून ‘टक लावून बसते’ असे तीनदा कळवले. तिन्ही वेळा खांद्याला हात लावताच तिने उत्तर दिले, म्हणून ते तक्त्यात घातलेले नाही. 27 मार्चचा व्हिडिओ सोबतच्या फोनमध्ये आहे.

विचारायचे आहे: वजन अडीच किलोने वाढले, तर सिरप 3 मिलीच ठेवायचे का, आणि स्प्रेचे 7 पफ पुरतील का? सिरप किती मिनिटांत उलटले तर पुन्हा द्यायचे? जूनमध्ये शाळा उघडते. बाईंकडे ठेवायला दुसरा स्प्रे आणि मराठीत लिहिलेली सूचना मिळेल का?