१ ऑक्टोबरला माझा शेवटचा दिवस

मंडळी नमस्कार. काही जणांना कालच कळलंय, काहींनी आज चहाला विचारलं, म्हणून म्हटलं सगळ्यांना एकदमच सांगून टाकावं. मी राजीनामा दिलाय. बुधवार १ ऑक्टोबर हा प्रेस शॉपमधला माझा शेवटचा दिवस. त्या दिवशी खंडेनवमी आहे, दुसऱ्या दिवशी दसरा आणि गुरुवार असल्याने भोसरीची सुट्टीच, त्यामुळे मशीनची पूजा करूनच निघायचं असं मी मनात धरलं होतं आणि साहेबांनीही लगेच हो म्हटलं.

कारण घरचंच आहे. वडिलांचं ऑपरेशन झाल्यापासून आई एकटीच सगळं बघतेय, आणि कोल्हापूरला गोकुळ शिरगावमध्ये प्रेसचंच काम मिळालंय, घरापासून गाडीवर वीस मिनिटं. बास, एवढंच.

२०१६ ला आलो तेव्हा मी सीएनसीवरून आलो होतो, प्रेस मला नवीन होती. सेटर दादांनी पहिल्याच आठवड्यात मला १६० टनाच्या प्रेसजवळ उभं केलं आणि म्हणाले, साहेब डोळे मिटा आणि नुसता आवाज ऐका. धार चांगली असली की ठोका कसा येतो, डाय नीट बसली नसली की कसा फुटतो, हे त्यांनी मला कानाने शिकवलं. आजही ऑफिसात बसून तो आवाज बदलला की मी उठतो. दादा, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नसतं, तुमचे उपकार आहेत.

डाय चेंजला आपल्याला पन्नास मिनिटं लागायची, आता चौदा लागतात. ऑडिटला मी स्लाइड दाखवली म्हणून कौतुक माझं झालं, पण ती ट्रॉली आपल्या आयटीआयच्या अप्रेंटिस पोराने भंगारातल्या अँगलमधून केली, बरोब्बर बोल्स्टरच्या उंचीची, म्हणजे डाय उचलायची नाही, नुसती सरकवायची. आणि सगळ्या क्लॅम्पचे बोल्ट एकाच मापाचे करा, एकाच पान्यात काम होईल, हे सुचवलं रात्रपाळीच्या हेल्परने. हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि फायनल इन्स्पेक्शनच्या ताई. गेल्या मार्चमधली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. गाडी गेटवर लागलेली, कस्टमरचे फोनवर फोन, आणि ताईंनी ब्रॅकेटच्या कडेवर नख फिरवलं, बर लागली, आणि मला न विचारता लॉटला लाल टॅग बांधला. मी आलो तो घाईतच आलो, एवढा लॉट जाऊ द्या म्हणायच्या तयारीत, तर म्हणाल्या, "सर, गाडी उद्या पण जाईल, हा माल गेला तर परत येईल." मग डाय उतरवली, टूल रूमने पंच ग्राइंड करून दिला, आधी काढलेला माल सगळ्यांनी मिळून निवडला, डिस्पॅचवाले सुद्धा बसले होते मांडी घालून. गाडी रात्री साडेअकराला सुटली. ताई, तुम्ही त्या दिवशी मला अडवलंत त्याबद्दल तेव्हा नीट थँक्यू म्हटलं नव्हतं, ते आज सगळ्यांसमोर म्हणतो. मॅनेजरला अडवणारी टीम मिळणं हे नशीब आहे, मला ते नऊ वर्षं मिळालं.

२०२० च्या लॉकडाऊननंतर अर्ध्या माणसांत लाईन चालू केली तेव्हा दिघीवरून सायकलवर आलेले, मेंटेनन्सची जोडगोळी, गेजच्या एकेका चिठ्ठीचा हिशोब ठेवणारे स्टोअरचे काका, आणि रात्रपाळीला तीन वाजता न सांगता आल्याचा चहा पाठवणाऱ्या कॅन्टीनच्या मावशी, सगळ्यांचे मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर रागावू नका, भेटून बोलूच.

चार्ज दुसऱ्या शिफ्टचे आपले इंजिनिअर घेतायत. सहा वर्षं ते याच फ्लोअरवर आहेत, प्रत्येक डायची खोड त्यांना माहितीये, मी निश्चिंत आहे. डायच्या हिस्टरी कार्डची फाइल त्यांच्याकडे दिलीय, गेजच्या कपाटाची चावी क्वालिटीकडे. रजेचे आणि ओटीचे जे फॉर्म माझ्या सहीचे बाकी असतील ते सोमवारपर्यंत आणून द्या, कुणाचं काही अडकायला नको. माझा नंबर तोच राहील, कोल्हापूरला आलात तर घरी जेवायलाच यायचं, परस्पर गेलेलं चालणार नाही.

बुधवारी पूजा अकरा वाजता. साडेदहाला सगळ्या प्रेस बंद करून मेन स्विचला लॉक लावायचं, मगच पुसायला घ्यायच्या. झेंडूची फुलं मी येताना घेऊन येतो. एकच मागणं आहे, १६० टनाच्या प्रेसला दरवर्षी सेटर दादा हार घालतात, यंदा तो मला घालू द्या.