विधी आयोगाचा १७४ वा अहवाल: ऋतुजासाठी सारांश

ऋतुजा, तुझ्या सरांनी अहवालाच्या शिफारशी, कारणं आणि कायद्यातले बदल असे तीन भाग मागितलेत. त्याच क्रमाने लिहिते, फक्त कारणं आधी घेते. ती कळल्याशिवाय शिफारशी नुसत्या पाठ होतील.

अहवाल मे २००० चा. विषय हिंदू कायद्याखाली स्त्रियांचे मालमत्ता हक्क. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी. सरकारने विचारण्याची वाट न बघता आयोगाने हा विषय स्वतःहून हाती घेतला, प्रश्नावली काढून लोकांची मतंही मागवली.

कारणं

मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटेकरी, म्हणजे सहदायाद होतो. मुलगी होत नव्हती. (मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य दरबारातले. ते कल्याणी म्हणजे आपल्या उमरग्यापलीकडचं बसवकल्याण. एवढ्या जवळचा हा ग्रंथ आहे.) १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने बापाच्या हिश्श्यात मुलीला वारस केलं, पण सहदायकी तशीच ठेवली. ह्याचा परिणाम आकड्यांतच दिसतो.

आपलीच सेलूची ९ एकर जमीन घे. आजोबा, तुझे बाबा, तुझे काका आणि मी, तुझी आत्या. आजी आधीच गेलेली. जुन्या कलम ६ खाली आजोबा वारले की त्यांच्या मरणाच्या क्षणाआधी वाटणी झाली असं मानायचं. त्या मानीव वाटणीत फक्त पुरुष: आजोबा ३ एकर, बाबा ३, काका ३. मग आजोबांचे ३ एकर तीन मुलांत, एकेक एकर. म्हणजे भाऊ ४ आणि ४, मी १. मुलगी सहदायाद झाली की मानीव वाटणी चौघांत होते, सव्वादोन एकर प्रत्येकी. आजोबांचे सव्वादोन पुन्हा तिघांत, म्हणजे पाऊण एकर प्रत्येकी. शेवटी तिघांना ३-३-३. हे गणित उत्तरपत्रिकेत जरूर मांड. संविधानातल्या समानतेच्या अनुच्छेद १४ आणि १५ चा भंग म्हणजे काय, ते ह्या एका आणि तीन एकरांत दिसतं.

आयोगाने दाखवलेलं दुसरं कारण पाच राज्यांचं. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंब आणि जन्मसिद्ध हक्कच रद्द केला. आंध्रने १९८५ पासून मुलीला सहदायाद केलं. त्याच वाटेने तामिळनाडू १९८९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटक १९९४ मध्ये गेले. उत्तराधिकार समवर्ती सूचीतला विषय असल्याने राज्यांना हे करता आलं, पण एकाच देशात मुलीचा हक्क ती कुठल्या राज्यातली आहे यावर ठरू लागला. म्हणून केंद्राचाच कायदा बदलावा, असं आयोगाचं म्हणणं.

शिफारशी

मुख्य शिफारस: मुलीला मुलासारखंच जन्मतः सहदायाद करावं, तेच हक्क आणि त्याच जबाबदाऱ्या. सहदायाद वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे जातो, तो उत्तरजीवित्वाचा नियम जावा. बापाचं कर्ज फेडण्याचं मुलावरचं धार्मिक बंधनही जावं.

ह्यात एक बारकावा आहे आणि तो बहुतेक मुलं सोडून देतात. आयोगाला केरळचा मार्ग आधी अधिक न्याय्य वाटला होता. पण जन्मसिद्ध हक्क आज रद्द केला, तर आज सहदायाद असलेले पुरुषच आपापल्या ठरलेल्या हिश्श्याचे मालक होऊन बसतील आणि बायकांच्या पदरात वारसाने मिळतं त्याहून जास्त काही पडणार नाही. म्हणून आधी मुलींना सहदायाद करा, म्हणजे त्यांचाही हिस्सा ठरेल, असा आंध्र आणि केरळ दोन्हींना जोडणारा मार्ग आयोगाने सुचवला. मला अहवालातला हा सर्वांत विचारपूर्वक भाग वाटतो.

दुसरी शिफारस राहत्या घराची. कलम २३ म्हणत होतं की घरात पुरुष वारस राहत असतील आणि ते वाटणी करत नसतील, तोवर मुलीने घराची वाटणी मागायची नाही. राहण्याचा हक्कही अविवाहित, नवऱ्याने टाकलेल्या, विभक्त किंवा विधवा मुलीलाच. हे कलम काढून टाका, असं आयोगाने सांगितलं.

तिसरी वाटणीच्या पुराव्याची. वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी. आपल्याकडे हे किती गरजेचं आहे ते मी परभणीच्या कोर्टात रोज बघते. बहिणीने दावा लावला की "वाटणी तर कधीच तोंडी झाली" म्हणून पन्नास रुपयांचा जुना बॉण्ड निघतो, त्यावर चार पंचांच्या सह्या.

मृत्युपत्राने सगळी मालमत्ता मुलाला देण्यावर बंधन घालावं का, याचाही विचार आयोगाने केला आणि बंधन नको असं ठरवलं. कलम ३० तसंच राहिलं.

आता जिथे मी आयोगाशी सहमत नाही तो भाग. कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलीला सहदायाद करू नये, अशी शिफारस आहे. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीतही हीच रेघ होती, २२ जून १९९४ ची. माझं लग्न १९९१ चं. म्हणजे आयोगाचा मसुदा जसाच्या तसा आला असता, तर वरच्या उदाहरणात माझा एकच एकर राहिला असता. ज्या अहवालाचं सगळं म्हणणं जन्मावरून हक्क ठरवण्याचं, त्याने शेवटी लग्नाच्या तारखेवरून हक्क काढून घ्यावा, हे मला पटत नाही. सरांनी टीका मागितली तर हीच लिही.

कायद्यातले प्रस्तावित बदल

कलम ६: जुनं पूर्ण काढून नवं, मुलगी जन्मतः सहदायाद, तिचा हिस्सा मुलाएवढा, वाटणीची व्याख्या वर सांगितली तशी. कलम २३: रद्द. मसुदा विधेयक अहवालाला जोडलेलं आहे, भाषा तिथूनच उचल.

पुढे काय झालं ते वेगळ्या परिच्छेदात ठेव, शिफारशींत मिसळू नकोस. दुरुस्ती कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला आणि त्याने लग्नाची रेघ पुसली. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्या मात्र कायम ठेवल्या. शेतजमिनीच्या कूळ व तुकडेबंदी कायद्यांना ह्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवणारं कलम ४(२) सुद्धा संसदेने तेव्हाच काढलं. कायदा लागू झाला तेव्हा बाप जिवंत असायला हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: गरज नाही, हक्क जन्माने आहे.

आजोबा २००९ मध्ये गेले, म्हणजे माझा ३ एकरांचा हक्क कायद्याने पक्का होता. २०१० मध्ये मी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन तुझ्या बाबांच्या आणि काकांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. सगळं माहीत असताना, माझ्या मर्जीने दिलं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांना आपण कशावर सही करतोय हेच माहीत नसतं. त्याची नक्कल आणि तेव्हाच्या फेरफाराची प्रत पाकिटात घातली आहे. ३-३-३ चं गणित त्यावरून एकदा तपासून बघ, आणि चुकलं तर रविवारी फोन कर.

तुझी,
आत्या