रेमिटन्स: गरिबी घटते की परावलंबन वाढतं?

माझं मत आधीच सांगते, रेमिटन्सने म्हणजे परदेशात कमावणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या पैशाने गरिबी घटते. अ‍ॅडम्स आणि पेज या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये ७१ विकसनशील देशांचा डेटा तपासला, त्यात माणशी रेमिटन्स १० टक्के वाढला की गरिबांचं प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांनी घटतं असं दिसलं. पण अगदी गरीब घरातून सहसा कोणी परदेशात जाऊच शकत नाही, आणि गेलंच तर एजंटच्या फीसाठी कर्ज काढावं लागतं, मग सुरुवातीचे कित्येक महिने पाठवलेला पैसा त्या कर्जातच जिरतो. नेपाळमध्ये रेमिटन्स जीडीपीच्या साधारण पाव हिस्सा आहे, तिथे परावलंबन घरांपेक्षा सरकारचं जास्त वाटतं मला, रोजगार उभे करायचा दबावच कमी होतो ना. बाहेरून पैसा येतो म्हणून घरच्यांना आळशी म्हणणं तर अन्यायच आहे, मुलांची फी आणि औषधपाणी हा ऐदीपणा कसा?