२ जूनच्या नोटिशीला उत्तर : कोथरूडचा फ्लॅट क्र. ३०४, डिपॉझिट आणि बाकी आरोप

दि. २० जून २०२५, पुणे
रजिस्टर एडी आणि ईमेलने

वकीलसाहेब, नमस्कार.

तुमचे अशील, म्हणजे माझे घरमालक काका, यांच्या वतीने तुम्ही पाठवलेली २ जूनची नोटीस मला ९ जूनला पोस्टाने मिळाली. उत्तर मी स्वतःच लिहितोय, कोर्टाची भाषा मला जमत नाही म्हणून जे आहे ते सरळ लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, हे उत्तर माझे सगळे हक्क राखून दिलेलं आहे, यातल्या कुठल्याही वाक्याचा अर्थ मी काही देणं लागतो किंवा माझी काही चूक मान्य करतो असा काढू नये, आणि एखाद्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं असेल तर तो मला कबूल आहे असंही धरू नये. जे खाली स्पष्ट मान्य केलंय तेवढंच मान्य, बाकी सगळं नाकबूल.

परिच्छेद १ आणि २. १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५ असा ११ महिन्यांचा रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स करार होता, महिना २४,००० भाडं आणि ७५,००० डिपॉझिट, हे बरोबर आहे. पण डिपॉझिटबद्दल "आमच्या अशिलांकडे जमा आहे" एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात, ते परत कधी करायचं होतं ते लिहिलेलं नाही. कराराच्या कलम ७ मध्ये ताबा दिल्यावर लगेच असं स्पष्ट आहे. कृपया एकदा बघा.

परिच्छेद ३, मार्च आणि एप्रिलचं भाडं थकवलं, ४८,००० रुपये. हे साफ खोटं आहे. मार्चचं भाडं ३ मार्चला आणि एप्रिलचं ४ एप्रिलला यूपीआयने गेलंय, बँक स्टेटमेंटचं पान सोबत जोडलंय, त्यात दोन्हीचे यूटीआर नंबर आहेत. आता तुमच्या अशिलांच्या पासबुकात हे पैसे दिसणार नाहीत हे मलाही माहितेय, कारण जानेवारीत त्यांनीच मला व्हॉट्सअॅप केला होता की "या महिन्यापासून भाडं पोराच्या खात्यात टाक, नंबर पाठवतो". तेव्हापासून चार महिने मी तिथेच टाकतोय आणि दर वेळी स्क्रीनशॉट पाठवल्यावर काकांचा "मिळाले" म्हणून रिप्लाय आलाय, मार्च-एप्रिललाही आलाय. जानेवारी-फेब्रुवारीचे त्याच खात्यातले पैसे चालले आणि पुढच्या दोन महिन्यांचे नाही चालले हे कसं, ते तुम्हीच त्यांना विचारा. बापलेकात काय ठरलंय त्याच्याशी माझा संबंध नाही.

परिच्छेद ४, मुदत संपल्यावर १२ मे पर्यंत बेकायदा ताबा ठेवला म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ खाली मे महिन्याचं दुप्पट, ४८,०००. नाकबूल. कलम २४ आहे ते मुदत संपूनही जो जागा सोडत नाही त्याच्यासाठी. मी २९ एप्रिलला टेम्पोने सामान हलवलं, गेटवरच्या रजिस्टरमध्ये टेम्पोचा नंबर आणि वेळ आहे. ३० तारखेला संध्याकाळी चाव्या द्यायला फोन केला तर काका म्हणाले मी नाशिकला आहे, सोसायटीच्या ऑफिसात ठेव, मी आल्यावर घेतो. त्याप्रमाणे दोन्ही चाव्या, लॅच की आणि पार्किंगचा स्टिकर मॅनेजरकडे दिला, रजिस्टरमध्ये नोंद करून सही घेतली, त्या पानाचा फोटो लगेच काकांना पाठवला, त्यावर दोन निळ्या टिका आहेत. त्यांनी चाव्या १२ मे ला उचलल्या. चावी त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच सोसायटीच्या ऑफिसात पडून होती, तर त्या बारा दिवसांत ताबा माझ्याकडे कसा? आणि वादापुरतं घटकाभर धरलं तरी बारा दिवसांचा पूर्ण महिना कुठल्या हिशोबाने झाला हे नोटिशीत कुठेच नाही.

परिच्छेद ५, फ्लॅटचं नुकसान ८५,०००. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण खरा वाद हाच आहे असं मला वाटतं, बाकीचे आरोप डिपॉझिट द्यायला लागू नये म्हणून चिकटवलेले दिसतात. हॉलच्या भिंतीची ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येते. जुलै २०२४ च्या पावसात ती पहिल्यांदा दिसली तेव्हाच मी फोटो पाठवले, ऑगस्टमध्ये सोसायटीचा प्लंबर येऊन बघून गेला आणि वरची लाईन फोडायला लागेल म्हणाला, त्यावर काकांचं उत्तर होतं "पाऊस जाऊ दे, दिवाळीनंतर बघू". दिवाळी झाली, काही झालं नाही. किचनच्या ओट्याची चीर राहायला जाताना होतीच, १ जून २०२४ चा मी काढलेला व्हिडिओ आहे, त्यात काकांचाच आवाज आहे, "ते जुनंच आहे, गॅस डावीकडे ठेवा". गीझर वापरून जुना झाला, ही रोजच्या वापरातली झीज आहे, मोडतोड नाही.

आणि तुम्ही जोडलेलं कोटेशन. त्यावर तारीख आहे २६ एप्रिल. त्या दिवशी मी त्या घरात राहत होतो आणि कुठलाही कॉन्ट्रॅक्टर मोजमाप घ्यायला आलेला नाही. त्यात अख्ख्या फ्लॅटचं पेंटिंग आणि नवीन ट्रॉल्या पण आहेत, ट्रॉल्या तर त्या घरात कधी नव्हत्याच! कोटेशन म्हणजे खर्च नव्हे. खरंच काम केलं असेल तर बिलं आणि पैसे दिल्याचा पुरावा द्या, न झालेल्या खर्चाची भरपाई मागता येत नाही.

परिच्छेद ६, पोटभाडेकरू ठेवला. तो माझा मामेभाऊ. परीक्षेसाठी पुण्यात आला होता, काही आठवडे पाहुणा म्हणून राहिला, त्याच्याकडून मी एक रुपया घेतला नाही, आणि काकांनी स्वतः त्याच्यासोबत बसून चहा घेतलाय. नाकबूल.

परिच्छेद ७, सोसायटीच्या ग्रुपवर बदनामी, एक लाख. नेमकं कोणतं वाक्य, ते नोटिशीत नाही. मी १८ मे ला एवढंच लिहिलं होतं की "काका, डिपॉझिट कधी मिळेल, फोन लागत नाहीये". स्वतःचे पैसे मागितले ही बदनामी कशी?

परिच्छेद ८ मधली फौजदारी तक्रारीची धमकी आणि नोटीस फीचे ५,५०० दोन्ही अमान्य. भाड्या-डिपॉझिटचा हिशोब हा दिवाणी विषय आहे, आणि पैसे माझे त्यांच्याकडे अडकलेत. त्यामुळे एकूण २,८६,५०० ची मागणी आणि डिपॉझिट जप्त केल्याचं म्हणणं, दोन्ही मी पूर्णपणे नाकारतो.

माझी मागणी अशी की हे उत्तर मिळाल्यापासून १५ दिवसांत ७५,००० रुपये माझ्या त्याच खात्यात जमा करावेत, ज्यातून मी भाडं देत होतो. नाहीतर वसुलीसाठी मला योग्य त्या कोर्टात जावं लागेल आणि तो खर्च आणि व्याजही मागेन. चॅट, व्हिडिओ, कॉल रेकॉर्ड मूळ फोनमध्ये तसेच ठेवलेत, वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेटसकट हजर करीन. तुमच्या अशिलांनीही त्यांचे चॅट डिलीट करू नयेत. चाव्यांचं रजिस्टर आणि गेटचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं म्हणून सोसायटीला मी वेगळं पत्र दिलंय.

यापुढे जे काही असेल ते लेखीच कळवा. काकांनी माझ्या आईला फोन करणं थांबवावं, तिचा या कराराशी काही संबंध नाही.

सोबत : बँक स्टेटमेंट, चॅटच्या प्रिंट, रजिस्टरच्या पानाचा फोटो, ओलीचे फोटो, व्हिडिओचा पेनड्राइव्ह.

आपला,
समीर
(फ्लॅट ३०४ चा माजी लायसन्सी)